दर्याच्या झाल्या दऱ्या: ९४ सेकंदांच्या सबटायटल्सचं प्रकरण

शनिवारी दुपारी भाच्याचा मेसेज आला. "आत्या, सबटायटल्स मशीनने काढून झालीत, मी एकदा हात फिरवलाय. तू फक्त नजर टाक, पाच मिनिटांचं काम." सोबत ९४ सेकंदांचा उभा व्हिडिओ आणि ४१ तुकड्यांची एसआरटी फाइल. वेसाव्याच्या, म्हणजे वर्सोव्याच्या कोळीवाड्यातल्या एका मावशींनी बोंबील कसे सुकवतात ते सांगितलं होतं. रविवारी संध्याकाळी त्यांच्या बचत गटाच्या पानावर तो टाकायचा होता. पाच मिनिटांच्या कामाला पावणेतीन तास लागले. ते कुठे गेले, तेच इथे मांडते.

आधी भाच्याने काय केलं होतं ते. पहिल्या खेपेला त्याने भाषा निवडलीच नव्हती. मशीनने ती आपोआप ओळखली आणि हिंदी ठरवली, त्यामुळे फाइलभर "है" आणि "और" पसरले होते. ते त्याच्या लगेच लक्षात आलं, म्हणून त्याने मराठी निवडून फाइल नव्याने काढली. मग ती मजकुरासारखी वाचत गेला आणि जिथे खटकलं तिथे दुरुस्त करत गेला. आवाज बंद ठेवून. बसमध्ये बसला होता म्हणे.

सगळ्या घोळाचं मूळ इथे आहे. मशीन ऐकलेल्या आवाजावरून सर्वांत संभाव्य शब्द निवडतं. न कळलेल्या शब्दाच्या जागी ते सहसा अगम्य अक्षरं टाकत नाही, ओळखीचा, शुद्ध, रोजच्या वापरातला शब्द टाकतं. त्यामुळे चुकलेली ओळसुद्धा वाचायला गुळगुळीत लागते. शुद्धलेखन तपासणारं कुठलंही साधन तिला हटकत नाही आणि नुसत्या डोळ्यालाही ती खटकत नाही. ती पकडायला कानच लागतो.

मी हेडफोन लावले, व्हिडिओचा वेग पाऊणपट केला आणि एकेक तुकडा ऐकत गेले. बाराव्या तुकड्यापाशी थांबले.

```
12
00:00:31,040 --> 00:00:32,310
बोंबलाला मीठ लावतात
```

मावशी म्हणत होत्या, "आमी बोंबलाला मीठ नाय लावत." बोंबील बिनमिठाचेच उन्हात वाळवतात, आणि मावशींचा सगळा भर नेमका त्यावरच होता. भाच्याला विचारलं तेव्हा कळलं की मशीनने "बोंबलाला मीठ लावत" एवढंच लिहिलं होतं. सुरुवातीचं "आमी" गळलं होतं आणि मधलं "नाय" वाऱ्यात विरलं होतं. वाक्य अर्धवट दिसलं म्हणून भाच्याने ते "लावतात" करून पूर्ण केलं. मशीनची चूक निदान लंगडी तरी होती. माणसाने तिला धडधाकट केलं.

खरं तर त्या लंगड्या वाक्यातच खूण होती. मराठीत "लावत" हे रूप एकटं वाक्य संपवत नाही. होकार असेल तर आपण "लावतो", "लावतात", "लावत आहोत" असं म्हणतो. "लावत" उघडं पडलेलं दिसलं की आसपास "नाही", "नाय", "होते", "असे" यांपैकी काहीतरी गळलंय असं समजायचं. "जात", "खात", "मिळत", "करत" यांचंही तसंच. म्हणून अशी रूपं फाइलमध्ये शोधून प्रत्येक ठिकाणी आवाज पुन्हा ऐकायचा, ही माझी पहिली फेरी असते. बोलताना "नाही" हा शब्द घाईत, हलका उच्चारला जातो आणि तो गळला की अर्थ उलटा होतो. बाकी दहा चुका राहिल्या तरी एक वेळ चालेल, ही नको.

दुसरा घोळ पूर्णपणे भाच्याचा होता, आणि हेतू चांगला असूनही झालेला. मशीनने "किनार्यावर", "वार्याने", "दुसर्या" असं लिहिलं होतं. हे चूकच आहे. तिथे "ऱ्य" हवा: किनाऱ्यावर, वाऱ्याने, दुसऱ्या. मशीनने काढलेल्या मजकुरात हा अर्धा ऱ फार वेळा हरवतो आणि त्याच्या जागी रफार येतो. भाच्याला ते दिसलं आणि त्याने "र्य" शोधून सगळीकडे "ऱ्य" करून टाकलं. एका फटक्यात. त्यामुळे मावशींचं "दर्याचं पानी" झालं "दऱ्याचं पानी", आणि "दर्या शांत असला की" झालं "दऱ्या शांत असला की". दर्या म्हणजे समुद्र आणि दऱ्या म्हणजे डोंगरांमधल्या खोलगट जागा. कोळीवाड्याचा समुद्र सह्याद्रीत जाऊन पडला. फाइलमध्ये "सूर्य" नव्हता, नाहीतर त्याचाही "सूऱ्य" झाला असता.

ही जोडी व्याकरणाच्या वर्गात "आचार्यांना" आणि "आचाऱ्यांना" अशी शिकवतात, एकीकडे गुरुजी आणि दुसरीकडे स्वयंपाकी. सूर्य, कार्य, पर्याय, आश्चर्य, धैर्य आणि दर्या यांत रफारच बरोबर. किनारा, वारा, दुसरा, कोपरा, पायरी, नवरी अशा शब्दांना प्रत्यय लागताना किंवा त्यांचं अनेकवचन होताना जो र अर्धा होतो, तिथे ऱ्य. म्हणून हे काम शोधा-आणि-बदला या बटणाने होत नाही. शोधायचं बटणाने, बदलायचं एकेक बघून. या फाइलमध्ये "ऱ्य" नऊ ठिकाणी होता. दोन मिनिटं लागली.

त्यानंतर आले गावाचे आणि धंद्याचे शब्द. "वेसाव्याला" या शब्दाचं "विसाव्याला" झालं होतं. मावशी "आमी वेसाव्याला राहतो" म्हणत होत्या आणि खाली "आम्ही विसाव्याला राहतो" असं निवांत वाक्य सरकत होतं. बोंबील टांगायला बांबूंची जी मांडणी उभी करतात तिला वलांडी म्हणतात. "वलांडीवर टांगायचं" याचं मशीनने "ओलांडल्यावर टांगायचं" केलं. बारीक कोलंबीसारखा जवळा असतो. मावशी त्याला "जवला" म्हणतात, आणि फाइलमध्ये "जवळ" आलं: "जवळ पन असाच सुकवतो." वाचणाऱ्याला वाटावं, जवळपास कुठेतरी काहीतरी सुकवतात.

असे शब्द अंदाजाने दुरुस्त करता येत नाहीत, कारण ते आपल्यालाही माहीत असतीलच असं नाही. "वलांडी" मला ऐकून माहीत होता म्हणून कान टवकारले. नसता तर मीही "ओलांडल्यावर" मान्य केलं असतं. त्यामुळे आता मी भाच्याला एक सवय लावली आहे. शूटिंगच्या वेळीच बोलणाऱ्याकडून त्या विषयातले दहा-पंधरा शब्द विचारून घ्यायचे आणि त्यांच्या समोरच कागदावर लिहायचे. माणसांची, जागांची, माशांची, अवजारांची नावं. काही साधनांमध्ये हे शब्द आधी भरून ठेवायची सोय असते. नसली तरी कागद हाताशी असला की ऐकताना काय शोधायचं ते कळतं.

आकड्यांची गंमत वेगळीच. मराठी माणूस पूर्णांकात कमी आणि दीड-अडीच-पावणेदोनमध्ये जास्त बोलतो. मावशी म्हणाल्या, "अडीच-तीन दिवस ऊन लागतं." फाइलमध्ये आलं: "2:30 3 दिवस ऊन लागतं." मशीनला "अडीच" म्हणजे घड्याळातले अडीच वाटले. पुढे "एका वलांडीवर पावनेदोनशे जोड्या" या ठिकाणी "पावणे 200 जोड्या" होतं. पावणेदोनशे म्हणजे १७५. "पावणे 200" लिहिलं की कुणी २०० वाचेल, तर कुणी गोंधळून पुढचं वाक्य चुकवेल. मी दोन्ही ठिकाणी अक्षरांतच लिहिलं, अडीच-तीन आणि पावनेदोनशे, कारण कानावर तेच पडत होतं. मोठ्या रकमा किंवा फोन नंबर असते तर आकडे ठेवले असते. नजर आकडा पटकन उचलते. पण मग सगळ्या फाइलमध्ये आकडे एकाच लिपीतले हवेत. एका ओळीत 200 आणि पुढच्या ओळीत २०० असं नको.

आता खरा पेच. वर मी "नाय", "आमी", "पानी", "पन" असं लिहिलं ते वाचताना काही जणांच्या कपाळाला आठी पडली असेल. मशीनने यातले निम्मे शब्द आपणहून प्रमाण केले होते आणि निम्मे तसेच सोडले होते. आठव्या तुकड्यात "पाणी", पंधराव्यात "पानी". एकीकडे "आम्ही", दुसरीकडे "आमी". मावशींच्या बोलीत ण चा न होतो आणि ळ चा ल होतो. त्या स्वतःला कोली म्हणतात, "मला" ला "मना" म्हणतात. मशीनने "मना आईनं शिकवलं" यातलं "मना" तसंच ठेवलं, पण ते योगायोगाने. "मना" हा मराठीत दुसराही शब्द आहे, म्हणून ते अडखळलं नाही.

भाच्याचं म्हणणं होतं, सगळं प्रमाण करून टाकू. कोल्हापूर-नागपूरकडचा बघणारा "पानी" वाचून सबटायटलवाल्याला शुद्धलेखन येत नाही असं म्हणेल. त्याच्या म्हणण्यात तथ्य होतं. पण कानाला "नाय" ऐकू येतंय आणि डोळ्याला "नाही" दिसतंय असं झालं की मराठी बघणारा क्षणभर अडतो, आणि बोलणाऱ्या बाईला कुणीतरी बाजूला उभं राहून दुरुस्त करतंय असं वाटत राहतं. परभाषेतून केलेल्या सबटायटल्सचा प्रश्न वेगळा. इथे बोललेली आणि लिहिलेली भाषा एकच आहे.

शेवटी मावशींनाच फोन लावला. मी म्हटलं, "मावशी, खाली अक्षरं येतात ना, त्यात तुमचं पानी ठेवू की पाणी करू?" त्या हसल्या. "अगो, मी पानी बोलले ना? मंग पानीच लिव की. पाणी लिवलंस तं लोकांना वाटंल बाई दुसरीच हाय."

म्हणून ठरवलं, बोली जशीच्या तशी आणि शेवटपर्यंत एकसारखी. "पन", "मना", "मंग", "हाय", "नाय" सगळीकडे. अपवाद एकच केला. एका ठिकाणी मावशी "तेवढा वेल लागतो" म्हणाल्या होत्या. आवाज बंद ठेवून बघणाऱ्याला "वेल" म्हणजे झाडावर चढणारा वेलच दिसणार, आणि दोन सेकंदांत मागे जाऊन विचार करायला त्याला सवड नसते. तिथे मी "वेळ" लिहिलं. भाचा म्हणाला, हे नियमात बसत नाही. नाहीच बसत. "जवला" मात्र तसाच ठेवला, कारण त्याच क्षणी पडद्यावर सुपात पसरलेला जवळा दिसतो आणि घोटाळा होत नाही. असा निर्णय ओळीतल्या चित्राकडे बघूनच घ्यावा लागतो.

शब्द झाले, मग जोडणी. मशीनने विभक्तीचे प्रत्यय आणि शब्दयोगी अव्ययं सुटी लिहिली होती: "बोंबला ला", "दोरी वर", "उना त". हिंदीत "को", "पर", "में" सुटे लिहितात, मराठीत ते शब्दाला चिकटतात. सुटे "ला", "चा", "ची", "ने", "साठी" शोधून जोडले. "वर" ला मात्र हात लावताना जपावं लागतं. "दोरीवर टांगायचं" म्हणजे दोरीच्या आधाराने. "दोरी वर टांगायची" म्हणजे दोरीच उंच न्यायची. मावशींनी दोन्ही वाक्यं सांगितली होती. आधी दोरी वर बांधायची, मग दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून ती जोडी दोरीवर टाकायची.

तुकडे पाडण्याचं काम मी शेवटी ठेवते, कारण मजकूर बदलला की लांबी बदलते. मशीनने वाक्याचा अर्थ न बघता श्वास लागला तिथे किंवा ओळ भरली तिथे तोडलं होतं. बारावा तुकडा सव्वा सेकंदाचाच होता, तेराव्याच्या सुरुवातीला मागच्या वाक्याचं शेपूट होतं. दुरुस्त झाल्यावर तो असा झाला:

```
12
00:00:30,900 --> 00:00:33,400
आमी बोंबलाला
मीठ नाय लावत.
```

नकार आणि क्रियापद एकाच ओळीत ठेवलं. "मीठ नाय" वर आणि "लावत" खाली असं तोडलं असतं तरी चाललं असतं, पण "बोंबलाला मीठ" एका तुकड्यात आणि "नाय लावत" पुढच्या तुकड्यात गेलं असतं तर अर्ध्या सेकंदासाठी का होईना, उलटा समज झाला असता.

वेगाबद्दल एक गोष्ट सांगायला हवी. सबटायटलच्या सॉफ्टवेअरमध्ये दर सेकंदाला किती अक्षरं येतात ते दिसतं आणि मर्यादा ओलांडली की ओळ लाल होते. ती मर्यादा रोमन लिपी डोळ्यासमोर ठेवून घातलेली असते. देवनागरीत काना, मात्रा, अनुस्वार, हलन्त हे सगळं वेगवेगळं मोजलं जातं. वरचं वाक्य आपल्या डोळ्याला १३ अक्षरांचं दिसतं, आणि मोजणीत ते जागा आणि पूर्णविराम धरून २६ भरतं. "स्त्री" हे एकच अक्षर सहा मोजलं जातं. त्यामुळे जोडाक्षरांची ओळ उगाच लाल होते आणि नवखा माणूस घाबरून मजकूर कापायला लागतो. मी लाल रंगाकडे इशारा म्हणून बघते आणि ओळ मोठ्याने, घाई न करता वाचते. माझं वाचून होईपर्यंत ती पडद्यावर टिकली तर ठीक. टिकली नाही तर आधी पुढच्या तुकड्यापर्यंतची रिकामी जागा वापरून वेळ वाढवते. मजकूर कापणं सगळ्यात शेवटी, तेही "म्हणजे", "ना", "तर" असल्या भरतीच्या शब्दांचं. उभ्या व्हिडिओत मी एका ओळीत साधारण १५-१६ अक्षरांच्या पुढे जात नाही, नाहीतर टाइप इतका बारीक होतो की लोकलमध्ये उभ्याने वाचवत नाही. ४१ तुकड्यांचे शेवटी ३३ झाले.

व्हिडिओवर अक्षरं कायमची छापायच्या आधी फाइल जपून ठेवायची, UTF-8 मध्ये. जुन्या कंप्युटरवर नोटपॅडमधून ती ANSI म्हणून सेव्ह झाली तर सगळ्या मराठीची प्रश्नचिन्हं होतात आणि ती परत येत नाहीत. छापताना भाच्याने निवडलेल्या फाँटमध्ये "जोड्या" चा ड पाय मोडल्यासारखा दिसत होता आणि य सुटा पडत होता, म्हणजे त्या फाँटमध्ये किंवा ॲपमध्ये देवनागरीची जोडाक्षरं नीट बसत नव्हती. मुक्ता हा फाँट लावला. तो मुंबईच्याच एक टाइप या मंडळींचा आहे आणि फुकट मिळतो. मग आणखी एक दिसलं. काळ्या पट्टीच्या वरच्या कडेला "बोंबील" मधला अनुस्वार कापला जात होता. खालच्या ओळीची वेलांटी वरच्या ओळीच्या उकाराला टेकत होती. ओळींमधलं अंतर थोडं वाढवलं आणि पट्टी वर सरकवली, म्हणजे ॲपची बटणं आणि मजकूर तिच्यावर येणार नाहीत.

सगळं झाल्यावर एक तुकडा उरला होता, सत्ताविसावा. एक मिनिट सात सेकंदांना वारा सुटतो, मावशी मान वळवून वलांडीकडे बघत काहीतरी बोलतात. तिथे मशीनने लिहिलं होतं: "व्हिडिओ आवडला तर लाईक करा." अशी यंत्रं इंटरनेटवरच्या असंख्य व्हिडिओंवरून शिकलेली असतात, त्यामुळे नुसत्या वाऱ्यात किंवा शांततेत त्यांना कधी "धन्यवाद" ऐकू येतं, कधी हे असलं काहीतरी. मी तो भाग दहा वेळा ऐकला. हेडफोन बदलला, आवाज वाढवला, वेग अर्धा केला. "...च्या आधी उतरवायचं" एवढंच हाती लागलं. कशाच्या आधी? पावसाच्या, दवाच्या, की कावळ्यांच्या?

पुन्हा मावशींना फोन. तो तुकडा त्यांना ऐकवला. त्यांनी दोनदा ऐकला, तिसऱ्यांदा लावायला सांगितला.

"काय बोलले गो मी?" त्या म्हणाल्या. "मना बी नाय कलत."

आम्ही तेवढे दोन सेकंद कापून टाकले.